लोन घेतलं, आता नकोय: कूलिंग-ऑफचे दिवस आणि त्याचं बिल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

विषय असा. ॲपवरून लोन घेतलं, पैसे खात्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं की हे नको होतं. मग काय? रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये डिजिटल लोनसाठी जे नियम आणले, त्यात याची सोय आहे. तिला कूलिंग-ऑफ पिरियड म्हणतात. या मुदतीत तुम्ही लोनमधून बाहेर पडू शकता आणि त्याबद्दल दंड लावता येत नाही. सुरुवातीला नियम होता की सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या लोनला किमान तीन दिवस द्यायचे. मे 2025 च्या निर्देशांत ते बदललं: आता मुदत कर्ज देणाऱ्या कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, फक्त ती एक दिवसापेक्षा कमी नसावी. म्हणून ‘तीन दिवस असतातच’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. तुमच्या लोनला किती दिवस आहेत हे केएफएसमध्ये लिहिलेलं असतं. केएफएस म्हणजे लोन घेण्याआधी ॲप जो ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद दाखवतं तो. आपण तो न वाचता खाली स्क्रोल करून टिक मारतो, तोच.

आता खर्चाचं बघू. माझ्या मावसभावाचा हिशोब घेतो, त्याची परवानगी घेऊनच सांगतोय. पठ्ठ्याने शुक्रवारी रात्री अकरा वाजता, मित्रांबरोबर ट्रिपचं ठरत असताना, बारा महिन्यांसाठी 50,000 चं लोन घेतलं. व्याज वर्षाला 24 टक्के. प्रोसेसिंग फी 2 टक्के, म्हणजे 1,000, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 180. हे 1,180 आधीच कापून खात्यात आले 48,820. शनिवारी ट्रिप बारगळली आणि त्याने मला फोन केला, “दादा, हे परत करता येतं का रे?”

येतं. त्याच्या केएफएसमध्ये तीन दिवस लिहिले होते. रविवारी त्याने पैसे भरले, तेव्हा दोन दिवसांचं व्याज झालं:

```
50000 × 24/100 × 2/365 = 65.75
```

म्हणजे भरायचे 50,065.75. हातात आले होते 48,820. फरक 1,245.75 रुपये. नीट बघा, व्याज जेमतेम 66 रुपये आहे, बाकी सगळी फी आहे. इथेच बरेच जण चिडतात, कारण त्यांनी ‘दंड नाही’ याचा अर्थ ‘फुकट’ असा घेतलेला असतो. नियमानुसार कंपनी एकदाची, वाजवी प्रोसेसिंग फी ठेवून घेऊ शकते, पण ती केएफएसमध्ये आधी सांगितलेली असली पाहिजे. सांगितली नसेल आणि नंतर कापली, तर तिथे तुम्ही भांडू शकता. काही कंपन्या फी परतही करतात, म्हणून विचारायला लाजू नका.

एक छोटी गंमत, कारण मी एक्सेल उघडल्याशिवाय राहत नाही. नियमात शब्द आहे ‘मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा एपीआर’. एपीआर म्हणजे फी वगैरे धरून पडणारा वार्षिक दर. या लोनचा तो साधारण 28.7 टक्के निघतो. त्या दराने दोन दिवसांचे होतात 79 रुपये. पण एपीआरमध्ये फी आधीच धरलेली आहे, तेव्हा फीसुद्धा ठेवायची आणि एपीआरही लावायचा म्हणजे फीचा थोडा भाग दोनदा घेतल्यासारखं होतं. इथे फरक 13 रुपयांचा, सोडून द्या. पण छोट्या मुदतीच्या, मोठी फी असलेल्या लोनमध्ये हा फरक टोचतो, म्हणून आकड्याची फोड मागा.

खरी अडचण मात्र वेगळी होती. परत द्यायचे असतात मंजूर झालेले पूर्ण 50,000, खात्यात आलेले 48,820 नव्हे. आणि पठ्ठ्याने बुकिंगच्या ॲडव्हान्सपोटी 6,000 आधीच पाठवून टाकले होते. अर्धवट रक्कम भरून लोन रद्द होत नाही. शेवटी फरक मावशीने भरला, आणि पुढचा महिनाभर तिने जे ऐकवलं त्याचा दर कुठल्याच केएफएसमध्ये नव्हता. तेव्हा मनात जराही शंका असेल तर मुदत संपेपर्यंत त्या पैशाला हात लावू नका.

रद्द करताना आम्ही काय केलं ते सांगतो. ॲपमध्ये “Foreclose” असं बटण होतं. ते दाबायच्या आधी थांबा, कारण काही वेळा ते मुदतीनंतर लोन बंद करण्याचं बटण असतं आणि त्याला वेगळा चार्ज लागतो. त्याच्या लोनला तो 4 टक्के अधिक जीएसटी होता, म्हणजे 50,000 वर 2,360 रुपये. स्क्रीनवर दाखवलेल्या रकमेत तो धरलेला दिसला. म्हणून पैसे न भरता आधी कस्टमर केअरला मेल केला: “लोन खाते क्रमांक अमुक. मला कूलिंग-ऑफ मुदतीत या लोनमधून बाहेर पडायचं आहे. आजच्या तारखेला भरायची रक्कम फोड करून कळवा.” मेल शनिवारीच गेला, त्यामुळे मुदतीत मागणी केल्याचा पुरावा तयार झाला. फोनवर बोललात तरी मेल कराच. रविवारी सकाळी 50,065.75 ची लिंक आली.

पैसे कुठे जातात तेही बघा. परतफेड थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या खात्यात व्हायला हवी, मधल्या कुणाच्या खात्यात नाही. ॲपचं नाव एक आणि कर्ज देणारी कंपनी दुसरी, असं बऱ्याचदा असतं. कंपनीचं नाव केएफएस आणि करारात मिळेल. व्हॉट्सॲपवर कुणी ‘एजंट’ आपला यूपीआय आयडी पाठवून “इथे भरा, लगेच बंद करतो” म्हणाला, तर भरू नका.

पैसे भरले म्हणजे काम संपलं असं नाही. लोन बंद झाल्याचं पत्र, म्हणजे नो ड्यूज, मागून घ्या. हप्त्यासाठी दिलेलं ई-नॅच मँडेट रद्द झालं का ते बँकेच्या ॲपमध्ये तपासा, नाहीतर पुढच्या महिन्यात खात्यावर हप्त्याचा फटका बसू शकतो. लोनबरोबर विमा चिकटवला असेल तर तो आपोआप रद्द होईल असं धरून चालू नका, त्याचं वेगळं लिहून विचारा. महिन्या-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. तिथे लोन ‘क्लोज्ड’ दिसायला हवं. अर्जाच्या वेळी झालेली चौकशी मात्र पुसली जात नाही, ती नोंद राहते.

एका ठिकाणी ही सोय असूनही हात बांधलेले असतात. फोन किंवा ऑनलाइन कोर्स ईएमआयवर घेतला, तर लोनचे पैसे तुमच्याकडे येतच नाहीत, थेट दुकानदाराकडे किंवा कोर्सवाल्याकडे जातात. लोन तुमच्या नावावर, पैसे त्याच्याकडे. मुदतीत बाहेर पडायचं तर मुद्दल तुम्ही खिशातून भरायचं आणि रिफंडसाठी त्याच्या मागे लागायचं, आणि तो रिफंड तुमच्या एक-दोन दिवसांच्या मुदतीत बसेलच असं नाही. अशा वेळी दोन्हीकडे एकाच दिवशी लेखी कळवा: विक्रेत्याला ऑर्डर रद्द, कर्ज देणाऱ्याला लोन रद्द. नुसता कोर्स सोडला आणि हप्ते थांबवले, तर थकबाकीदार तुम्ही ठरता.

कंपनीने ऐकलंच नाही, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा; त्याचं नाव-नंबर ॲपमध्ये आणि केएफएसमध्ये असतो. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे तक्रार करता येते. फी लागत नाही. मेल, केएफएस आणि पैसे भरल्याची पावती तिथे जोडा.

आणि हो, “ऑफर आज रात्रीच संपते” वाल्या मेसेजबद्दल. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या लोनचा केएफएस मिळाल्यापासून त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस तुमच्यासाठी तशाच ठेवाव्या लागतात. म्हणजे शुक्रवारी रात्री अकराला केएफएस आला असेल, तर सोमवारी ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये तो वाचून त्याच दरात लोन घेता येतं. भावाला हे सांगितलं, तर तो मला म्हणतो, “मग हे आधी का नाही सांगितलंस?”