वर-वधू नसताना गुणमेलन

महाराष्ट्रात पत्रिका जुळवताना सर्वाधिक वापरला जातो तो अष्टकूट गुणमेलनाचा तक्ता. पंचांगातल्या या तक्त्याच्या एका बाजूला वराची जन्मनक्षत्रे असतात आणि दुसऱ्या बाजूला वधूची. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ आणि नाडी ८ असे एकूण ३६ गुण; त्यांपैकी १८ जुळले की स्थळ पुढे न्यायला हरकत नाही, असा प्रघात. जोडपे दोन स्त्रियांचे किंवा दोन पुरुषांचे असेल, तर पहिलाच प्रश्न उभा राहतो: वराच्या रकान्यात कोणाचे नक्षत्र धरायचे?

अनेकदा वयाने मोठ्या किंवा कमावत्या जोडीदाराला ‘वर’ मानून वेळ निभावली जाते. याला शास्त्रात आधार नाही आणि त्याची फारशी गरजही नाही. तारा, योनी, ग्रहमैत्री, राशिकूट आणि नाडी या पाच कूटांचे मिळून २७ गुण होतात आणि ते वर-वधूची अदलाबदल केली तरी बदलत नाहीत. तारा तर दोन्ही बाजूंनी मोजूनच ठरवतात. वराच्या जागी कोण, याने फरक पडू शकतो तो फक्त वर्ण, वश्य आणि गण या तीन कूटांत, आणि तोही सहसा एक-दोन गुणांचा.

एक उदाहरण घेऊ. एका तरुणीचे जन्मनक्षत्र मृग, रास मिथुन. तिच्या जोडीदारणीचे नक्षत्र हस्त, रास कन्या. दोन्ही राशींचा स्वामी बुध, म्हणून ग्रहमैत्रीचे पूर्ण ५. दोन्ही राशी मानव वश्याच्या, म्हणून २. दोन्ही नक्षत्रे देवगणी, म्हणून ६. राशी एकमेकींपासून चौथ्या-दहाव्या, म्हणजे राशिकूटाचे ७. मृगाची मध्य नाडी आणि हस्ताची आद्य, म्हणजे ८. मृगापासून हस्त नववे आणि हस्तापासून मृग विसावे. दोन्ही तारा शुभ, म्हणून ३. या सहा कूटांचे सगळे ३१ गुण मिळाले. योनी सर्प आणि महिष. तिथे गुण कमी पडतात, पण जागा बदलली तरी तेवढेच राहतात. उरला वर्ण. वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असावा हा नियम. कन्येचा वैश्य आणि मिथुनेचा शूद्र, म्हणून हस्तवालीला वर धरले तर १ गुण, मृगवालीला धरले तर शून्य. सगळा फरक एवढाच. नवऱ्याने वरचढ असावे, या अपेक्षेवर उभा असलेला हा गुण अशा जोडप्याच्या हिशेबातून सरळ वगळलेला बरा. तो ठेवायचाच असेल, तर दोन्ही बेरजा शेजारी लिहाव्यात.

खरी अडचण नाडीची आहे. वरच्या उदाहरणात मृगाऐवजी पुनर्वसू असते, तर दोघींची नाडी आद्य झाली असती आणि आठच्या आठ गुण गेले असते. एकनाडी दोषाचे पारंपरिक कारण मुख्यतः संततीशी जोडलेले आहे. ज्या जोडप्याला एकमेकांपासून मूल होणार नाही, त्यांच्यावर हा दोष लादण्यात अर्थ उरत नाही. मात्र नाडी वगळली की एकूण गुण २८ राहतात. मग १८ ची जुनी रेघ तशीच ठेवणे चूक ठरते, निम्मे म्हणजे १४ धरावे लागतात. ही दुरुस्ती न करता ‘गुण कमी आले’ असे सांगणारा हिशेब उघडपणे फसवा असतो.

स्त्री-पुरुष लग्नाविना एकत्र राहत असतील, तर तक्ता जसाच्या तसा लागू होतो. विवाहमुहूर्ताचा भाग तेवढा गळतो.

गुणांपलीकडच्या पत्रिकेत लिंगभेद कारकांत येतो. पुरुषाच्या पत्रिकेत पत्नीसाठी शुक्र पाहतात आणि स्त्रीच्या पत्रिकेत पतीसाठी गुरू. सप्तमस्थान मात्र जोडीदाराचे. त्यावरून धंद्यातला भागीदारही पाहतात. त्यामुळे सप्तमस्थान, त्याचा स्वामी आणि प्रेमाचा कारक म्हणून दोघांच्याही पत्रिकेतला शुक्र, एवढ्यावर थांबणे अधिक सुसंगत ठरते. मंगळदोषही दोन्ही पत्रिकांत एकाच रीतीने, मंगळाच्या स्थानावरून मोजता येतो.

पाश्चात्त्य सिनॅस्ट्रीत दोन पत्रिकांतल्या ग्रहांचे परस्पर योग अंशांवरून पाहतात, त्यामुळे तिथे वराचा रकानाच नाही. तरी तिचे मूळ पूर्ण मोकळे नव्हते. टॉलेमीने दुसऱ्या शतकात विवाहासाठी पुरुषाच्या पत्रिकेत चंद्र आणि स्त्रीच्या पत्रिकेत सूर्य पाहायला सांगितले होते.

गुणांची बेरीज संसार टिकेल की नाही हे सांगते, याला शास्त्रीय पुरावा नाही. समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत तर वर-वधूसाठी रचलेले हे नियम त्यांना लावणे हाच आजच्या ज्योतिषाचा स्वतःचा अर्थ असतो. म्हणून कोणते कूट धरले, कोणते सोडले आणि का, हे त्याने गुणांच्या आकड्याबरोबरच जोडप्याला लिहून द्यायला हवे.