काचेवरचा पाऊस आणि उत्तराची एक ओळ

जुलैतली संध्याकाळ. पुण्यात नोकरीसाठी राहणारी एखादी मुलगी खिडकीच्या ओल्या काचेचा फोटो काढते आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवते. सोबत एक शब्दही नाही. २०१७ साली आलेल्या या सोयीत फोटो चोवीस तासांनी आपोआप नाहीसा होतो, आणि त्याला दिलेलं उत्तर इतरांना दिसत नाही, फक्त तिच्यापर्यंत पोचतं. त्यामुळे फोटो शंभर जणांनी पाहिला, तरी बोलणं दोघांतच राहतं.

उत्तर देण्याआधी फोटो नीट पाहावा. मोबाइलच्या पडद्यावर काचेवरच्या थेंबाला बोट लावलं की कॅमेरा थेंबांवर स्थिरावतो आणि पलीकडचा रस्ता, दिवे, झाडं विरघळल्यासारखी पुसट होतात. प्रत्येक थेंब भिंगाचं काम करतो. निरखून पाहिलं तर त्यात समोरची इमारत उलटी दिसते. हेच बोट बाहेरच्या झाडाला लावलं तर झाड स्वच्छ येतं आणि थेंब धूसर होतात. पहिल्या फोटोत नजर काचेशी, म्हणजे खोलीच्या आतच थांबलेली असते. दुसऱ्यात ती बाहेर गेलेली असते. मूड शब्दांत नसला, तरी तो असा फोटोत उतरतो.

आता तिला आलेली उत्तरं पाहू. ‘काय झालं गं?’ यात काळजी आहे, पण आता तिला खुलासा करावा लागणार. ‘भजी कर मस्त!’ यात माया आहे, फक्त आवाज फार मोठा. रत्नागिरीहून मावसबहीण लिहिते, ‘इकडेही दुपारपासून धरलाय. समोरचं अंगण दिसेना.’

हे तिसरं उत्तर जुळतं. त्यात प्रश्न नाही, सल्ला नाही, तिच्या मनाचा अंदाजही नाही. तिने काच दाखवली, बहिणीने अंगण दाखवलं. लोकांच्या रोजच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास करणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी नेमकी ही रीत टिपली होती. एकाने आपला अनुभव सांगितला की ऐकणारा त्याच जातीचा स्वतःचा अनुभव सांगतो, आणि आपल्याला समजलं हे त्यातूनच दाखवतो. नुसतं ‘समजलं’ म्हणण्यापेक्षा हा पुरावा पक्का असतो. मात्र तो अनुभव लांबला, की बोलणं तिच्याकडून निसटून सांगणाऱ्याकडे जातं. म्हणून बहीण दोन छोट्या वाक्यांवर थांबली ते योग्यच.

जुळवून घेण्यालाही मर्यादा आहे. पावसाळी खिडकी बहुतेकदा फक्त पावसाळी खिडकीच असते. पण असे फोटो रोज रात्री उशिरा येऊ लागले, सोबत ‘आता काही नको’ अशी ओळ दिसली किंवा एरवी बोलणारं माणूस उत्तरंच देईनासं झालं, तर सुरात सूर मिसळत बसू नये. सरळ फोन लावावा आणि कशी आहेस ते स्पष्ट विचारावं.