शेडच्या छपराला वर ओढणारा वारा

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या वादळात कारखान्याच्या शेडचे पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पत्रा पातळ होता, स्क्रू कमी होते, अशी कारणे मग सांगितली जातात. अनेकदा ती खरीही असतात. पण काही ठिकाणी पत्र्याबरोबर पर्लिन उपटून येतात आणि पत्रे जागेवर राहूनही कैचीचा खालचा अँगल बाजूला वाकलेला दिसतो. तिथे चूक पत्र्यात नसते. छपराचा भार कोणत्या दिशेने येतो, याचाच हिशेब अर्धवट झालेला असतो.

हा हिशेब समजण्यासाठी पुण्याच्या परिसरातली एक नेहमीची शेड घेऊ. रुंदी 18 मीटर, कैच्या दर 5 मीटरवर, छपराची मधली उंची कडेपेक्षा 3 मीटर जास्त. म्हणजे उतार साधारण साडेअठरा अंशांचा. कैचीचा वरचा अँगल प्रत्येक दीड मीटरवर आतल्या तिरप्या अँगलना गसेट प्लेटवर मिळतो. या सांध्याला इंजिनिअर पॅनल पॉइंट म्हणतात. पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो तो आडवा चॅनल, नेमका याच सांध्यावर क्लीट लावून बसवायचा असतो.

सांध्यावरच का, तर कैचीचे सगळे अँगल ओढ किंवा दाब घेण्यासाठी असतात, वाकण्यासाठी नसतात. पर्लिन दोन सांध्यांच्या मधोमध आला की वरचा अँगल तुळईसारखा वाकू लागतो. आपल्या शेडमध्ये 75 बाय 75 बाय 6 चे जोड अँगल असतील आणि 500 किलोचा भार असा मधोमध आला, तर दोन सांध्यांमधला तुकडा सुटा धरून येणारा वाकण्याचा ताण एकटाच पोलादाच्या यील्ड ताणाच्या चाळीस टक्क्यांच्या वर जातो. त्या अँगलचे खरे काम तर त्यानंतर सुरू होते. पत्र्याच्या लांबीचा मेळ बसावा म्हणून साइटवर पर्लिन हातभर सरकवला जातो, तेव्हा नेमके हेच घडते.

एका मधल्या सांध्याच्या वाट्याला किती छप्पर येते? वरून पाहिले तर दीड मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर. उतारावर मोजले तर 7.9. आता कायमचे वजन पाहू. पत्रा स्क्रूसकट चौरस मीटरला 6 किलो धरला तर 47 किलो. शंभर मिलिमीटरच्या चॅनलचा पर्लिन 48 किलो. कैचीचे स्वतःचे वजन सुरुवातीला अंदाजाने धरतात: रुंदीचा तिसरा भाग अधिक पाच, म्हणजे चौरस मीटरला 11 किलो. त्याचे झाले 83. ब्रेसिंगचे 15. एकूण 193 किलो. अगदी कडेच्या सांध्यावर याच्या साधारण निम्मे येते, मात्र बाहेर काढलेल्या वळचणीचे वजन त्यात वेगळे मिळवावे लागते.

छपरावर माणसे चढतील, सामान ठेवले जाईल, यासाठीचा भार भारतीय मानकाप्रमाणे उतार वाढला की कमी होतो आणि कैचीसाठी त्याचे दोन तृतीयांशच धरतात. आपल्या उताराला तो सांध्यामागे सुमारे 295 किलो येतो. म्हणजे खाली दाबणारे एकूण 490 किलो. अनेक फॅब्रिकेटरांचा हिशेब इथेच थांबतो.

आता वारा. आयएस 875 च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. उघड्या सपाट जागेवर, 10 मीटर उंचीपर्यंतच्या साध्या शेडला हाच वेग धरता येतो. त्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे:

p = 0.6 × V²

उत्तर 913 न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला 93 किलो. मुंबईसाठी वेग 44 आहे. आकडा पाचनेच वाढला, पण दाब वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो थेट 118 किलोवर जातो.

हा वारा छपराला खाली दाबत नाही. शेडच्या कडेवरून वर उसळताना तो छपरापासून सुटतो आणि पत्र्याच्या वरच्या बाजूला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. एवढ्या कमी उताराला ही ओढ जवळपास सगळीकडे वरच्या दिशेलाच असते. आपल्या शेडला सर्वांत वाईट स्थिती येते ती वारा लांबीच्या दिशेने वाहताना, तेव्हा ओढीचा गुणांक सुमारे 0.7 असतो. शिवाय शेडच्या आत शिरलेली हवा पत्र्याला खालून ढकलते. भिंती बऱ्यापैकी बंद असतील तर त्यासाठी 0.2 धरतात. बेरीज 0.9, आणि सांध्यावर वर ओढणारा भार 628 किलो. त्यातून कायमचे 193 वजा केले तरी 435 किलो उरतात, तेही वरच्या दिशेने.

माझ्या मते खरा धोका याच्या पुढे आहे. समजा, मालकाने नंतर पुढच्या भिंतीत ट्रक आत यावा म्हणून पाच बाय पाच मीटरचे रोलिंग शटर बसवले. सहा मीटर उंचीच्या कडेची ती भिंत त्रिकोणासकट 135 चौरस मीटर, म्हणजे सुमारे अठरा टक्के भाग उघडा झाला. मानकाप्रमाणे आतल्या दाबाचा गुणांक आता 0.2 नव्हे, 0.5 धरावा लागतो. बेरीज 1.2, ओढ 837 किलो, आणि वजन वजा जाता 644. कैचीला कुणी हातही लावला नाही, पण तिच्यावरचा निव्वळ भार जवळजवळ दीडपट झाला. मानक काही बाबतीत थोडी सूट देते, आणि डिझाइनमध्ये वाऱ्याला दीडने गुणून वजनाला 0.9 नेच गुणतात, म्हणजे शेवटचे आकडे बदलतात. दिशा मात्र बदलत नाही.

दिशा उलटली की कैचीतली कामेही उलटतात. खालचा लांब अँगल एरवी ओढीत असतो, म्हणून तो बारीक चालतो. वर ओढ आली की तोच दाबात जातो आणि बाजूला पळू पाहतो. आपल्या जोड अँगलची बाजूची परिभ्रमण त्रिज्या सुमारे 34 मिलिमीटर आहे. 18 मीटर मोकळी लांबी भागिले 34 मिलिमीटर केले तर उत्तर 530 येते, आणि वाऱ्याने असा उलटणारा बंध 350 च्या आत असावा, असे आयएस 800 सांगते. एका कैचीच्या खालच्या अँगलपासून दुसरीपर्यंत सहा-सहा मीटरवर दोन रनर टाकून ते ब्रेसिंग केलेल्या गाळ्याला पक्के बांधले, की तेच उत्तर 176 होते. जुन्या शेडमध्ये वर पाहिले तर हे रनर आहेत की नाहीत, ते जमिनीवरूनच दिसते. कुठे खालचा अँगल सरळ रेषेत नसून बाजूला धनुष्यासारखा दिसला, तर तो एकदा दाबात गेला होता असा संशय घ्यावा.

ही ओढ शेवटी खांबातून पायात जाते. एका कैचीवर 90 चौरस मीटर छप्पर आहे. शटर उघडे असताना एका खांबाला सुमारे 3.9 टन वर ओढले जाते, आणि तेवढ्या वजनाला दीड घनमीटरहून जास्त काँक्रीट लागते.

शेड घेताना किंवा बांधून घेताना हिशेबाच्या कागदात वाऱ्याचे पान मागा, आणि त्यात भिंतीतली उघडझाप किती टक्के धरली आहे ते तपासा. नवे शटर काढायचे असेल तर भिंत कापण्याआधी तो आकडा इंजिनिअरकडून पुन्हा करून घ्या.