रेफरलने नोकरी लागली. आता आभार कसे मानाल? 'पार्टी देतो' म्हणण्याआधी हे वाचा

शिरोळ : ऊस आणि नदीकाठच्या या तालुक्यातली इंजिनीअर झालेली मुले आधी यड्राव, इचलकरंजी, शिरोली किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागतात आणि दोन-तीन वर्षांनी पुण्याचा रस्ता धरतात. पुण्याच्या कंपनीत पहिला शिरकाव अनेकदा ओळखीतून होतो. आधीच्या कंपनीतला एखादा सहकारी तिकडे गेलेला असतो, तो आपला रेझ्युमे आत पाठवतो. यालाच 'रेफरल' म्हणतात. नोकरी लागली की मात्र एक अडचण उभी राहते. आभार मानायचे असतात, पण 'थँक्यू' फार कोरडे वाटते, 'उपकार विसरणार नाही' फार जड वाटते आणि 'पार्टी देतो' म्हटले की हिशेब मिटवल्यासारखे वाटते. मग नेमके काय म्हणावे? समजून घेऊया.

सहकाऱ्याने नेमके काय केले?

आभार मनापासून वाटायचे असतील, तर आधी समोरच्याने काय केले हे माहीत हवे. रेफरल म्हणजे केवळ रेझ्युमे फॉरवर्ड करणे नव्हे. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्याला कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर जाऊन उमेदवाराची माहिती भरावी लागते. तुम्ही या व्यक्तीला कसे ओळखता, किती काळ सोबत काम केले, या पदासाठी ती योग्य का वाटते, असे प्रश्न तिथे असतात. पुढे एचआर किंवा त्या टीमचा मॅनेजर त्याला तोंडी विचारतो, 'माणूस कसा आहे?' तिथे तो स्वतःचे नाव पणाला लावतो. उमेदवार इंटरव्ह्यूला आलाच नाही किंवा ऑफर घेऊन ऐनवेळी फिरला, तर त्याचा पुढचा शब्द हलका होतो.

अनेक कंपन्या रेफर करणाऱ्याला बोनसही देतात. नवा माणूस ठरावीक काळ, बहुतेकदा तीन किंवा सहा महिने टिकला की ही रक्कम मिळते. इथेच आभाराचा सूर बिघडतो. 'तुम्हालाही बोनस मिळेल ना' हे वाक्य गमतीने म्हटले, तरी 'तुम्ही हे पैशासाठी केले' असा त्याचा अर्थ निघतो. त्यामुळे बोनसचा विषय आपण काढू नये. त्यांनी स्वतः काढला, तर 'छान झालं' म्हणून आनंद मानावा.

'मला काय मिळालं' की 'तुम्ही काय केलंत'?

आभार व्यवहारी का वाटतात, याचे चांगले उत्तर एका संशोधनात सापडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जोडप्यांमधील आभारप्रदर्शनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक आभार मानताना दोन प्रकारची वाक्ये बोलतात, असे त्यांनी मांडले. एक, मला काय फायदा झाला हे सांगणारी. दोन, समोरच्याने काय केले आणि त्यातून तो माणूस कसा आहे हे दिसते, ते सांगणारी. दुसऱ्या प्रकारची वाक्ये जितकी जास्त, तितके ऐकणाऱ्याला बरे वाटले. पहिल्या प्रकारच्या वाक्यांनी तसा फरक पडला नाही.

हे नोकरीच्या संदर्भात कसे दिसते, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. समजा, कुरुंदवाडची एक मेकॅनिकल इंजिनीअर कागलमधल्या एका फौंड्रीत दोन वर्षे काम करत होती. तिचे सीनियर पुण्यातल्या डिझाइन कंपनीत गेले. त्यांनी तिला रेफर केले, इंटरव्ह्यू झाला आणि ऑफर आली. तिने टाइप केलेला पहिला मेसेज असा :

'दादा, तुमच्यामुळे मला जॉब मिळाला. पॅकेज पण आधीपेक्षा खूप चांगलं आहे. तुमचे उपकार कधीच विसरणार नाही. माझ्याकडून कसलीही मदत लागली तर हक्काने सांगा. पार्टी नक्की!'

या मेसेजमध्ये वाईट हेतू काहीच नाही. तरी नीट वाचले, तर पहिली दोन वाक्ये तिच्या फायद्याची आहेत, तिसरे कर्जाचे आहे आणि शेवटची दोन ते कर्ज फेडण्याची आहेत. दादांनी काय केले, हे कुठेच नाही. हाच मेसेज कोणालाही पाठवता आला असता. शिवाय 'तुमच्यामुळे मिळाला' हेही पुरते खरे नाही. रेफरलने रेझ्युमे टेबलावर पोहोचतो. इंटरव्ह्यू तिने स्वतः दिला. जाणत्या सीनियरला असे म्हटलेले अवघडल्यासारखे होते.

आता दुसरा मेसेज वाचा :

'दादा, आत्ताच ऑफर लेटर आलं. घरी सांगितलं आणि लगेच तुम्हाला लिहितेय. त्या रविवारी तुम्ही तासभर फोनवर बसून माझा रेझ्युमे बघितलात आणि पंपाच्या केसिंगचं काम सगळ्यात वर घ्यायला सांगितलंत. इंटरव्ह्यूत सुरुवातीचे प्रश्न त्यावरच आले! कागलला असतानाही नवीन पोरांना तुम्ही असंच शेजारी बसवून ड्रॉइंग समजावायचात, तेच आठवलं. मनापासून थँक्यू. वहिनींनाही सांगा.'

इथे पॅकेज नाही, उपकार नाही, परतफेडीचे वचन नाही. एक घडलेली गोष्ट आहे (रविवारचा फोन), तिचा झालेला परिणाम आहे (इंटरव्ह्यूतले प्रश्न) आणि त्या माणसाची एक जुनी सवय आहे (शेजारी बसवून शिकवणे). हा मेसेज दुसऱ्या कोणाला पाठवताच येणार नाही. तुमचा मेसेज तपासायची सोपी कसोटी हीच आहे. नाव बदलून तो दुसऱ्याला चालतो का? चालत असेल, तर त्यात त्या माणसाचे काहीतरी घालायचे राहिले आहे.

शब्द सुचत नाहीत, म्हणून थांबू नका

अनेक जण 'नीट लिहिता येत नाही, भेटल्यावर बोलू' म्हणून पुढे ढकलतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये यावरच प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना आभाराची पत्रे लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल, याचा अंदाज विचारला. नंतर खरोखर पत्र मिळालेल्यांना विचारले. लिहिणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा वाचणाऱ्यांना जास्त आनंद झाला होता आणि अवघडलेपण कमी वाटले होते. लिहिणारा शब्द बरोबर आहेत का, याची काळजी करतो. वाचणारा मात्र त्यातली आपुलकी पाहतो.

त्यामुळे भाषा रोजचीच ठेवा. ज्यांना 'सर' म्हणता त्यांना 'सर', 'ताई' म्हणता त्यांना 'ताई'. बरोबरीचा मित्र असेल, तर 'भावा'ने सुरुवात केली तरी आपल्याकडे ते शोभते. रोज 'अरे-तुरे' असलेल्या मित्राला एकदम 'आपला ऋणी आहे' लिहिले, तर तो 'काय झालं रे तुला?' असेच विचारेल.

कधी सांगायचे?

आभार नोकरी लागल्यावरच मानायचे, हा समज व्यवहाराच्या वासाचे मोठे कारण आहे. खरे तर तीन वेळा आहेत. पहिली, त्यांनी रेफर केले त्याच दिवशी. तेव्हा निकाल कोणालाच माहीत नसतो, म्हणून ते आभार थेट त्यांच्या वेळेचे असतात. दुसरी, ऑफर लेटर हातात आल्यावर. ही बातमी त्यांना तुमच्याकडून कळावी, लिंक्डइनच्या पोस्टवरून नव्हे. तिसरी, रुजू होऊन महिनाभर झाल्यावर. तेव्हा फक्त काम कसे चालले आहे, हे कळवावे. रेफर करणाऱ्याला 'माणूस रुळला की नाही' ही खरी उत्सुकता असते आणि सहसा ते कोणी सांगत नाही.

लिंक्डइनवर जाहीर आभार मानायचे असतील, तर नाव टॅग करण्याआधी विचारा. टॅग झाल्यावर अनोळखी लोकांचे 'मलाही रेफर करा' असे मेसेज त्यांच्याकडे सुरू होऊ शकतात.

आणि आभाराच्या मेसेजमध्ये दुसरी मागणी जोडू नका. 'थँक्यू, आणि माझ्या चुलत भावाचाही रेझ्युमे पाठवतो' असे लिहिले, की आधीची वाक्ये प्रस्तावना ठरतात. भावाचे काम खरेच असेल, तर त्यासाठी काही आठवड्यांनी वेगळा फोन करा.

पेढे द्यावेत का?

द्यावेत, पण योग्य वेळी. जेम्स हेमन आणि डॅन एरिअली यांनी २००४ मध्ये भेटवस्तू आणि मोबदला यांतला फरक तपासला. साध्या कामासाठी लोकांना चॉकलेट-गोळ्या दिल्या, तेव्हा ते मदत केल्यासारखे काम करत होते. त्याच खाऊची किंमत सांगितली, की ते पैसे मिळाल्यासारखे वागू लागले. म्हणजे वस्तू तीच, पण किंमत दिसली की नाते बदलले. ब्रँडेड घड्याळ किंवा गिफ्ट कार्डाची किंमत समोरच्याला लगेच कळते. मग तो मनात तिची तुलना आपल्या मदतीशी करतो.

आपल्याकडे याला चांगला पर्याय आहे. नृसिंहवाडीला दर्शन घेऊन आणलेला पेढे-बर्फीचा पुडा हा मोबदला ठरत नाही, तो आनंदाची बातमी वाटून घेण्याचा रिवाज आहे. तो घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि त्या सहकाऱ्यालाही सारखाच दिला जातो. म्हणून तो कोणावर ओझे टाकत नाही.

एक मर्यादा मात्र पाळा. निवड होण्याआधी काहीही देऊ नका. तीच व्यक्ती इंटरव्ह्यू पॅनेलवर असेल किंवा तुमची मॅनेजर होणार असेल, तर साधा पुडाही चुकीचा दिसतो. अनेक कंपन्यांत भेटवस्तूंचे नियम असतात. अशा ठिकाणी रुजू झाल्यावर पेढे सगळ्या टीमसाठी न्यावेत.

आणि नोकरी नाही मिळाली तर?

आभार खरे होते की व्यवहाराचे, हे इथे कळते. नकार आला की बहुतेक जण गप्प बसतात आणि रेफर करणाऱ्याला महिन्याभराने एचआरकडून कळते. पुढच्या वेळी आपल्याच भागातल्या दुसऱ्या मुलाचा रेझ्युमे आला, तर त्याचा हात थोडा आखडतो. त्याऐवजी त्याच दिवशी एवढे लिहिले तरी पुरते :

'दादा, दुसऱ्या राउंडला थांबलं. टॉलरन्सच्या प्रश्नावर अडकले, ते आता नीट करतेय. तुम्ही माझ्यासाठी मॅनेजरशी स्वतः बोललात, ते माहीत आहे मला. थँक्यू. गावी आलात की घरी या, आई वाट बघतेय.'