उन्हात फुगणारी हवा

मे महिना, अकोला. सकाळी दुकानात हवा भरली तेव्हा मीटरचा काटा 50 पौंडांवर होता आणि तापमान 27 अंश. दुपारभर सायकल उन्हात उभी राहिली. काळं रबर तापलं, आतली हवाही तापली. समजा, 60 अंशांपर्यंत. 27 चे 60 झाले म्हणजे दाबही दुपटीच्या वर गेला असेल का?

नाही. काटा 57 च्या आसपास थांबतो.

हवेचे रेणू ट्यूबच्या आतल्या भिंतीवर सतत आदळत असतात. एकेका रेणूची धडक नगण्य असते, पण क्षणोक्षणी अशा अगणित धडका बसतात. त्यांचाच एकत्रित रेटा म्हणजे दाब. साध्या तापमानालाही हे रेणू सेकंदाला सुमारे 500 मीटर वेगाने धावतात. ते पूर्ण थंडावतील तो बिंदू शून्य अंशावर नाही, उणे 273 वर आहे. म्हणून उष्णता तिथून मोजायची. त्या हिशेबाने सकाळचे 300 अंश दुपारी 333 झाले, म्हणजे वाढ 11 टक्के. रेणूंचा वेग तर जेमतेम पाच टक्क्यांनी वाढला. पण वेग वाढला की प्रत्येक धडक तेवढी जोरात बसते, शिवाय धडका तेवढ्या वारंवारही बसतात. या दोन्ही वाढींचा गुणाकार होऊन दाब 11 टक्क्यांनी चढतो.

मीटरचंही एक गुपित आहे. पंक्चर झालेल्या ट्यूबमध्येही बाहेरच्या वातावरणाएवढा, म्हणजे सुमारे 15 पौंड दाब असतोच. मीटर त्यालाच शून्य धरतो. त्यामुळे सकाळचा खरा दाब 65 पौंड. त्यात 11 टक्के मिळवले की 72 होतात आणि मीटर दाखवतो 57.

सात पौंडांनी धडधाकट टायर फुटत नाही. मग उन्हात टायर फुटतात ते का? टायरची बाजू नीट पाहावी. रबर चिरून आतले धागे दिसत असतील किंवा एका जागी फुगा आला असेल, तर ट्यूब तिथूनच बाहेर यायला बघते. अशा टायरला आधीच ठासून हवा भरलेली असली, तर वरचे सात पौंडही भारी पडतात. टायर बदलेपर्यंत हवा थोडी कमी ठेवलेली बरी.

डिओच्या डब्याची गोष्ट मात्र वेगळी आणि जास्त धोक्याची. डबा हलवला की आत काहीतरी डुचमळतं. त्यात बहुतेकदा दाबाखाली द्रवरूप झालेला ब्युटेनसारखा वायू असतो. डबा तापला की आधीच्या रेणूंचा वेग तर वाढतोच, शिवाय द्रवातून नवे रेणू उडून त्या गर्दीत सामील होतात. नुसती हवा 20 वरून 50 अंशांवर गेली तर दाब दहा टक्के वाढतो. ब्युटेनचा दाब तेवढ्यातच वातावरणाच्या दुपटीवरून जवळजवळ पाचपटीवर जातो. 50 अंशांपेक्षा जास्त उष्णतेत डबा ठेवू नका, अशी सूचना त्यावर छापलेली असते ती यामुळेच. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड ही मर्यादा सहज ओलांडतो.