गुणतक्त्याचा स्क्रीनशॉट आणि त्यात न दिसणारं गणित

लीगचा शेवटचा आठवडा आला की गुणतक्त्याचे स्क्रीनशॉट फिरू लागतात आणि त्यांच्याखाली ठाम विधानं येतात: अमुक संघ बाद झाला, तमुकचा तिसरा क्रमांक पक्का, आता सगळं गोलफरकावर. यातली बरीच विधानं चुकतात, आणि ती बेरीज-वजाबाकीत क्वचितच चुकतात. गुणतक्ता म्हणजे झालेल्या सामन्यांचा गोषवारा. पुढे काय होऊ शकतं हे सांगायला आणखी तीन गोष्टी लागतात: उरलेले सामने कोणाचे कोणाशी आहेत, गुण समान झाल्यास त्या लीगचा नियम काय आहे, आणि त्या संघांच्या आपसातल्या लढतींत काय झालं होतं. या तिन्ही गोष्टी स्क्रीनशॉटमध्ये नसतात. इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामाचा शेवटचा दिवस हे सगळं दाखवायला सोयीचा आहे. कोविडमुळे तो अख्खा हंगाम गोव्यातच झाला. ११ संघ, प्रत्येकाचे २० सामने आणि पहिले चार बाद फेरीत, अशी रचना होती. २८ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी पहिले पाच संघ असे उभे होते:

| संघ | सामने | विजय | बरोबरी | पराभव | केलेले गोल | खाल्लेले गोल | गोलफरक | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| एटीके मोहन बागान | १९ | १२ | ४ | ३ | २८ | १३ | +१५ | ४० |
| मुंबई सिटी | १९ | ११ | ४ | ४ | ३३ | १८ | +१५ | ३७ |
| नॉर्थईस्ट युनायटेड | २० | ८ | ९ | ३ | ३१ | २५ | +६ | ३३ |
| एफसी गोवा | १९ | ७ | ९ | ३ | ३१ | २३ | +८ | ३० |
| हैदराबाद | १९ | ६ | १० | ३ | २७ | १९ | +८ | २८ |

दोनच सामने उरले होते: गोवा विरुद्ध हैदराबाद आणि मुंबई विरुद्ध बागान.

गैरसमज: तक्त्यात छापलंय म्हणजे बरोबरच असणार

वस्तुस्थिती अशी की गणिताला हात घालण्याआधी तक्ता तपासावा लागतो आणि ते अगदी सोपं असतं. विजय, बरोबरी आणि पराभव यांची बेरीज सामन्यांइतकी यायला हवी. विजयांची तिप्पट अधिक बरोबऱ्या म्हणजे गुण: मुंबईचे ११ विजय म्हणजे ३३, त्यात ४ बरोबऱ्या, एकूण ३७. केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा केले की गोलफरक: ३३ वजा १८, म्हणजे १५. पूर्ण तक्ता हाती असेल तर सगळ्या संघांच्या गोलफरकांची बेरीज शून्य आलीच पाहिजे, कारण एकाने केलेला प्रत्येक गोल दुसऱ्या कोणीतरी खाल्लेला असतो. ती शून्य आली नाही तर एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे, किंवा उणेचं चिन्ह फोटोत पुसट होऊन निसटलं आहे. मात्र गुण जुळले नाहीत म्हणजे तक्ता चुकलाच असंही नाही. प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे १३ विजय आणि ९ बरोबऱ्या होत्या. हिशेबाने ४८ गुण व्हायला हवेत, पण तक्त्यात ४० दिसतात, कारण आर्थिक नियमांच्या भंगाबद्दल त्यांचे एकूण ८ गुण कापले गेले होते. शिवाय काही ॲप चालू सामन्याचा त्या क्षणीचा स्कोअर धरूनच तक्ता दाखवतात. अशा वेळी स्क्रीनशॉट नेमका कधी घेतला हे कळल्याशिवाय पुढचा हिशेब करण्यात अर्थ नसतो.

गैरसमज: प्रत्येक संघाचे जास्तीत जास्त आणि कमीत कमी गुण काढले की झालं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. गोव्याचे शेवटी ३०, ३१ किंवा ३३ गुण होऊ शकत होते. हैदराबादचे २८, २९ किंवा ३१. या दोन याद्यांतून कुठलेही दोन आकडे उचलून जोड्या लावल्या तर ‘गोवा ३०, हैदराबाद २८’ अशीही एक जोडी मिळते, आणि हरूनही गोवा चौथा राहील असं वाटू लागतं. पण गोवा ३० वर थांबणार तो हरल्यावर, आणि त्याला हरवणारा हैदराबादच, म्हणजे हैदराबाद ३१ वर जाणार. खऱ्या जोड्या तीनच: ३३-२८, ३१-२९ आणि ३०-३१. आपसातला सामना दोन्ही संघांचं नशीब एकत्र बांधतो. म्हणून मोजायचे ते सामन्यांचे निकाल. गुण आणि क्रमांक त्यातून आपोआप निघतात. इथे दोन सामने आणि प्रत्येकाचे तीन निकाल, म्हणजे नऊ शक्यता. वरच्या सामन्याचा खालच्या तीन क्रमांकांशी काही संबंध नव्हता. वर दोनच क्रम शक्य होते आणि खाली तीन, त्यामुळे पहिल्या पाचांची एकूण सहाच चित्रं उरत होती.

हीच चूक मोठ्या तक्त्यात जास्त महागात पडते. समजा आपला संघ उरलेले सगळे सामने जिंकून जास्तीत जास्त ५० गुणांपर्यंत जाऊ शकतो, आणि वरचे दोन संघ आत्ताच ५० वर आहेत. एकेकाकडे पाहिलं तर दोघांनाही गाठता येईल असं दिसतं. ते हरले तर ५० वरच राहतील. पण त्या दोघांचा आपसातला सामना उरला असेल तर त्यात कोणाला तरी गुण मिळणारच. जिंकणारा ५३ वर जाईल, बरोबरी झाली तर दोघेही ५१ वर. म्हणजे आपला संघ पहिल्या क्रमांकाच्या शर्यतीतून आत्ताच बाद झालेला आहे, आणि तक्त्यातल्या गुणांच्या रकान्यात याचा मागमूसही नाही.

गैरसमज: ज्याचे सामने संपले त्याचा क्रमांक ठरला

नॉर्थईस्टचे वीस सामने झाले होते, ३३ गुण पक्के होते, तरी क्रमांक पक्का नव्हता. गोवा जिंकला असता तर त्याचेही ३३ झाले असते. या दोघांच्या आपसातल्या दोन्ही लढती बरोबरीत सुटल्या होत्या, १-१ आणि २-२, त्यामुळे तिथे फैसला होत नव्हता आणि मग एकूण गोलफरक पाहावा लागला असता. नॉर्थईस्टचा +६, तर जिंकलेल्या गोव्याचा किमान +९. म्हणजे गोवा तिसरा आणि नॉर्थईस्ट चौथा. मात्र हैदराबाद जिंकूनही ३१ च्या पुढे जात नव्हता, म्हणून नॉर्थईस्ट चौथ्याच्या खाली जाऊ शकत नव्हता. क्रमांक तीन की चार ते ठरायचं होतं, पण बाद फेरीतली जागा निश्चित होती. ‘क्रमांक निश्चित’ आणि ‘पात्रता निश्चित’ हे दोन वेगळे दावे आहेत, आणि गोवा-हैदराबाद सामन्याआधी नॉर्थईस्टबद्दल फक्त दुसरा करता येत होता.

गैरसमज: गुण समान झाले की गोलफरक

इंग्लंडची प्रीमियर लीग पाहून ही सवय लागते. तिथे गुणांनंतर खरोखरच एकूण गोलफरक पाहतात. २०११-१२ मध्ये दोन्ही मँचेस्टर संघांचे ८९ गुण झाले आणि सिटीने +६४ विरुद्ध +५६ असं विजेतेपद नेलं. पण स्पेनमध्ये आधी आपसातल्या लढती पाहतात. २००६-०७ मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघेही ७६ गुणांवर संपले. बार्सिलोनाचा गोलफरक +४५, रेआलचा +२६, आणि तरी विजेता रेआल, कारण आपसातल्या दोन सामन्यांत त्यांनी एक २-० जिंकला होता आणि दुसरा ३-३ सुटला होता. आयएसएलमध्येही आपसातल्या लढतींचाच मान आधी. मुंबईने ११ जानेवारीला बागानला १-० हरवलं होतं. म्हणून शेवटच्या दिवशी मुंबईला केवळ विजय हवा होता, कितीही गोलांनी. बागानला बरोबरीही पुरत होती, कारण मग ४१ विरुद्ध ३८ असा सरळ फरक राहत होता. तीन संघ समान गुणांवर आले तर अशा लीगमध्ये फक्त त्या तिघांच्या आपसातल्या सामन्यांचा वेगळा छोटा तक्ता मांडावा लागतो.

गोलफरकाचा नियम असतो तिथेही एक गोष्ट हमखास निसटते. दोन प्रतिस्पर्धी एकमेकांशी खेळत असतील तर प्रत्येक गोल दोनदा मोजला जातो, एकाचा फरक वाढवून आणि दुसऱ्याचा घटवून. मुंबईने तो सामना २-० जिंकला तेव्हा +१५ आणि +१५ चे +१७ आणि +१३ झाले. दोन गोलांनी चारची दरी पडली. समजा बागानचा गोलफरक सहाने पुढे, म्हणजे +२१ असता आणि नियम इंग्लंडचा असता, तर मुंबईला सात गोलांनी जिंकावं लागलं नसतं. तीन गोलांच्या विजयाने दोघेही +१८ वर आले असते, चार गोलांनी मुंबई पुढे गेली असती. दोन्ही संघ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळत असतील तर मात्र हे दुप्पट होणं नाही. प्रत्येकाचा फरक आपापल्या सामन्यापुरताच हलतो.

‘एवढं कोण मोजत बसणार?’

हा आक्षेप रास्त आहे. दहा सामने उरले असतील तर दहा वेळा तीन घेऊन गुणाकार केला की ५९,०४९ शक्यता होतात, आणि तेही गोलसंख्या सोडून. एखाद्या संघाला अजून पहिला क्रमांक मिळू शकतो का, हा प्रश्न ३-१-० या गुणपद्धतीत सामान्य स्वरूपात संगणकासाठीही अवघड वर्गातला आहे, हे १९९९ मध्ये सिद्ध झालं. विजयाला दोनच गुण होते तेव्हा प्रत्येक सामन्यात नेमके दोन गुण वाटले जात आणि हिशेब सोपा राही; आता बरोबरीत दोन वाटले जातात आणि निकाली सामन्यात तीन. म्हणून हंगामाच्या मध्यावर हातानं हे करू नये. पण शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत बहुतेक सामने आपल्या प्रश्नाशी संबंधितच नसतात. ज्या संघाला आपला संघ गाठू शकत नाही किंवा जो आपल्याला गाठू शकत नाही, अशा दोन संघांमधला सामना बाजूला काढला की उरतात ते मोजके सामने. त्यांचे निकाल एकेक करून मांडायचे, प्रत्येक वेळी गुण लावायचे, समान गुण आले तरच नियमपुस्तक उघडायचं. आलेल्या शक्यतांची संख्या मात्र संभाव्यता समजू नये. नऊपैकी तीन निकालांत मुंबई पहिली येत होती याचा अर्थ तिची संधी एक तृतीयांश होती असा होत नाही. सगळे निकाल सारख्याच शक्यतेचे नसतात.

त्या दिवशी गोवा-हैदराबाद सामना ०-० सुटला: नॉर्थईस्ट ३३ वर तिसरा, गोवा ३१ वर चौथा, हैदराबाद २९ वर बाहेर. बांबोळीत मुर्तदा फॉल आणि बार्थोलोम्यू ओगबेचे यांच्या गोलांनी मुंबई जिंकली आणि ४० विरुद्ध ४० गुणांवर लीग शील्ड घेऊन गेली. सहापैकी एक चित्र खरं ठरलं. बाकीची पाचही त्या सकाळी तितकीच वैध होती, आणि हरूनही चौथा राहणारा गोवा त्यांपैकी एकातही नव्हता.