वाचता येत नाही, म्हणजे मजकूर नाही?

भिंतीचा एक फोटो समोर आहे. मधोमध वाइल्डस्टाइल ग्राफिटी: अक्षरं एकमेकांत गुंतलेली, टोकांना बाण फुटलेले. कोपऱ्यात स्प्रेने साधं ‘2015’ लिहिलंय, खाली नुसती नक्षी. डेटासेटसाठी यातला मजकूर कुठला, ते ठरवायचंय.

बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: वाचता येतंय का? खरं तर प्रश्न दोन आहेत. आधी, ही अक्षरं आहेत का? मग, ती वाचता येतात का? ‘2015’ दोन्हीत पास. नक्षी पहिल्यातच बाद. वाइल्डस्टाइल मात्र मध्ये अडकते: अक्षरं आहेत, पण वाचता येत नाहीत. आयसीडीएआर 2015 स्पर्धेच्या डेटासेटमध्ये अशा शब्दाभोवती चौकट काढून मजकुराच्या जागी `###` लिहिलेलं असतं. मूल्यमापनात तो भाग धरत नाहीत.

चौकट काढलीच नाही तर? समजा, सगळ्या फोटोंवर मिळून मॉडेलने 10 चौकटी दिल्या. 8 बरोबर, 2 अशा ग्राफिटीवर. `###` असेल तर प्रिसिजन 8/8, नसेल तर 8/10. म्हणजे अक्षरं शोधल्याबद्दल मॉडेललाच शिक्षा!

वाचता येतं की नाही, हे ठरवायला दोघांनी एकमेकांना न विचारता टाइप करावं. जुळलं तर मजकूर, नाहीतर `###`. कलाकाराचं नाव आधीच माहीत असलेला माणूस इथे चालत नाही. तो वाचत नाही, आठवतो. आणि `###` सढळ हाताने वापरू नका. अवघड शब्द चाचणीतून गायब होतात, आकडा उगाच फुगतो.